१५.८७ने गुणण्याआधी

भांडारकर रस्त्यावरच्या ज्या कचेरीत मी काम करते, तिथे ग्राहकांच्या शेअर गुंतवणुकीचे जोखीम-अहवाल दर तिमाहीला निघतात. अहवालाच्या पहिल्या पानावर एक आकडा ठळक असायचा: वार्षिक व्होलॅटिलिटी. रोजच्या बंद भावांवरून रोजचा परतावा काढायचा, त्या परताव्यांचं प्रमाण विचलन घ्यायचं आणि त्याला २५२च्या वर्गमुळाने, म्हणजे १५.८७ने गुणायचं. एक्सेलमध्ये हे एका सेलचं काम आहे. त्या सेलमध्ये आपण नेमकं काय गृहीत धरतो, हे मी नीट मांडायला लागले ते एका ग्राहकाच्या प्रश्नांमुळे.

पिंपरीच्या एका कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. कचेरीत सगळे त्यांना काका म्हणतात. अहवाल ते ओळ न् ओळ वाचतात. एकदा फोन आला, "एका शेअरची व्होलॅटिलिटी तुम्ही एकोणीस टक्के लिहिली आहे. एनएसईच्या फाइलमध्ये ती तेवीसच्या जवळ दिसते. शेअर एक, दिवस एक, मग फरक कशाचा?"

या फरकाचं उत्तर सोपं होतं. रोजची व्होलॅटिलिटी दोन्हीकडे १.२ टक्क्याच्या आसपासच होती. एनएसई रोज संध्याकाळी जी व्होलॅटिलिटीची फाइल प्रसिद्ध करते, तिच्या शेवटच्या रकान्याच्या मथळ्यातच `E*Sqrt(365)` असं लिहिलेलं असतं. `E` म्हणजे त्या दिवसाची व्होलॅटिलिटी. ३६५चं वर्गमूळ १९.१, तेव्हा १.२ टक्क्याचे २२.९ टक्के होतात. आम्ही २५२ धरतो, तर १९ टक्के. एकाच रोजच्या आकड्यातून वीस टक्क्यांनी वेगळे दोन वार्षिक आकडे निघतात, ते केवळ वर्षात दिवस किती मोजायचे यावर.

काकांना मात्र दोन्हींतलं बरोबर कोणतं ते हवं होतं. ३६५ धरायचे तर शनिवार-रविवारीही भाव तितकाच हलतो, असं मानावं लागतं. मग शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या बंद भावापर्यंत तीन दिवसांची हालचाल साठायला हवी, म्हणजे सोमवारच्या परताव्याचं विचरण, प्रमाण विचलनाचा वर्ग, इतर दिवसांच्या तिप्पट यायला हवं. युजीन फामा यांनी १९६५मध्ये अमेरिकी शेअरांवर हे तपासलं, तेव्हा ते तिप्पट नव्हे, जेमतेम बावीस टक्के जास्त निघालं. भाव हलतो तो मुख्यतः बाजार उघडा असताना. म्हणून व्यवहाराचे दिवस मोजणं अधिक खरं. २५२ हा आकडाही मुळात अमेरिकेच्या दिनदर्शिकेतला. आपल्याकडे सुट्ट्या जास्त, त्यामुळे वर्षाला २४५ ते २५० दिवस भरतात. पण २४८चं वर्गमूळ १५.७५ आहे, म्हणजे फरक टक्क्याच्याही आत, आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. खरी अडचण त्या दिवसांच्या आत असते. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांचा एक तासही डेटामध्ये एक पूर्ण दिवस म्हणून बसतो. २ मार्च आणि १८ मे २०२४ हे शनिवार होते. पर्यायी यंत्रणेच्या चाचणीसाठी त्या प्रत्येक दिवशी दोन छोटी सत्रं झाली, त्या दिवसांचीही एकेक ओळ आहे. अशा ओळी मी गाळत नाही, पण त्या कुठे आहेत याची खूण ठेवते.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आले. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त मोलाचा होता. "दिवसाला १.२, तर वर्षाला १.२ गुणिले २५२ का नाही? वर्गमूळ कुठून आलं?"

मी कागदावर दोनच दिवस मांडले. समजा शेअर रोज एकतर एक टक्का वर जातो किंवा एक टक्का खाली, दोन्हींची शक्यता सारखी, आणि उद्याचा आजशी काही संबंध नाही. दोन दिवसांत चार शक्यता: वर-वर, वर-खाली, खाली-वर, खाली-खाली. एकूण बदल +२, ०, ०, −२. यांच्या वर्गांची सरासरी काढली तर चार, शून्य, शून्य, चार, म्हणजे सरासरी दोन. तिचं वर्गमूळ १.४१. दोन दिवसांची व्होलॅटिलिटी दुप्पट होत नाही, कारण निम्म्या वेळा दुसरा दिवस पहिल्या दिवसाला खोडून काढतो. बेरीज होते ती वर्गांची. २५२ दिवसांचे वर्ग बेरजेत २५२ पट होतात, आणि शेवटी वर्गमूळ घेतलं की १५.८७. भावांचा पसारा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो हे लुई बाशलिए यांनी १९००मध्ये पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधातच मांडलं होतं.

काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे सगळा डोलारा त्या 'काही संबंध नाही'वर उभा आहे."

तो तिथेच उभा आहे. त्याच कागदावर मी एक बदल केला. आज जी दिशा आहे तीच उद्या येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांऐवजी साडेबासष्ट टक्के धरली. आता +२ किंवा −२ होण्याची शक्यता साडेबासष्ट टक्के, शून्याची साडेसदतीस. वर्गांची सरासरी २.५, वर्गमूळ १.५८. रोजचा बदल तोच एक टक्का आहे, रोजचं प्रमाण विचलन तसूभरही वाढलेलं नाही, तरी दोन दिवसांची जोखीम १.४१ऐवजी १.५८. उलट, दुसरा दिवस पहिल्याला परत फिरवत असेल, तीच दिशा येण्याची शक्यता साडेसदतीस टक्केच असेल, तर १.२२. रोजच्या आकड्याकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी या तिन्हींतला फरक दिसणार नाही, कारण तो दिवसादिवसांच्या मधल्या नात्यात आहे. संख्याशास्त्रात त्याला स्वसहसंबंध म्हणतात. वरच्या उदाहरणात तो अनुक्रमे ०, ०.२५ आणि −०.२५ आहे.

हे सगळं काकांसाठी कागदी राहिलं नाही. त्यांच्या दुसऱ्या खात्यात छोट्या कंपन्यांचे शेअर होते. चाकण, भोसरी, रांजणगाव पट्ट्यातल्या उद्योगांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या त्यांच्या ओळखीच्या, त्यामुळे त्यांनी त्या निवडून घेतलेल्या. तीन वर्षांच्या रोजच्या मूल्यांवरून या खात्याची रोजची व्होलॅटिलिटी ०.९ टक्के येत होती, वार्षिक १४.३. मला खटकलं ते इथे. निफ्टीच्या पन्नास बलाढ्य कंपन्यांची व्होलॅटिलिटीही तेव्हा जवळपास तेवढीच होती. मोजक्या ग्राहकांवर चालणाऱ्या, एक मोठी ऑर्डर गेली की वर्ष बिघडणाऱ्या कंपन्यांचा संच निफ्टीइतका शांत कसा असेल? ज्यांचा धंदा डोलतो त्यांचा भाव डोलत नसेल, तर आधी भाव तपासायचा.

तपासणी साधी आहे. तेच परतावे आठवड्याचे आणि महिन्याचे करून, त्यांची व्होलॅटिलिटी आपापल्या वर्गमुळाने वर्षाची करायची. नियम लागू असेल तर तिन्ही उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत.

```python
r = np.log(nav).diff().dropna()
w = r.resample("W-FRI").sum()
m = r.resample("ME").sum()
print(r.std()*252**.5, w.std()*52**.5, m.std()*12**.5)
print(r.autocorr(1), (r == 0).mean())
```

लॉग परतावे घेतले की आठवड्याचा परतावा म्हणजे रोजच्यांची सरळ बेरीज होते, म्हणून पहिली ओळ तशी. काकांच्या खात्याची उत्तरं अशी आली: रोजच्यावरून १४.३, आठवड्याच्या २.४५ टक्क्यांवरून १७.७, महिन्याच्या ५.२५ टक्क्यांवरून १८.२. स्वसहसंबंध ०.२५.

महिन्याच्या आकड्यावर एकट्याच्या बळावर मी विश्वास ठेवत नाही. तीन वर्षांत महिने फक्त छत्तीस. इतक्या थोड्या निरीक्षणांवर काढलेल्या प्रमाण विचलनात बारा टक्क्यांच्या आसपास चूक सहज असते, म्हणजे १८.२च्या दोन्ही बाजूंना दोनेक टक्के. पण स्वसहसंबंध साडेसातशेच्या आसपास दिवसांवरून काढला होता, आणि तिथे चुकीचं माप ०.०४च्याही आत. ०.२५ हा त्याच्या कितीतरी पुढे, योगायोगाने येणारा नाही. शिवाय त्याच्यावरून उलटा हिशेब जुळतो. आजच्या हालचालीचा पाव भाग उद्या, त्याचा पाव परवा असा ओघळत जात असेल, तर वर्षाच्या आकड्याला १.२५ भागिले ०.७५ याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२९ने गुणावं लागतं. १४.३ गुणिले १.२९ बरोबर १८.४. महिन्याचं उत्तर याच्या शेजारीच बसतं.

कारण शोधायला मी एकेका कंपनीचे रोजचे सौदे पाहिले. काहींमध्ये दिवसाला मोजके सौदे, तेही सकाळी. एनएसईवर बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी, अशी पद्धत बरीच वर्षं चालत आली आहे. त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नाही तर दिवसाचा शेवटचा सौद्याचा भाव बंद भाव म्हणून धरतात. म्हणजे अकरा वाजता झालेला सौदा साडेतीनचा भाव म्हणून नोंदला जातो. दुपारी दोन वाजता बाजार दोन टक्के पडला, तर त्या शेअरवर त्याचा परिणाम आज दिसतच नाही, उद्या दिसतो. एका दिवसाची पडझड दोन दिवसांत वाटली जाते. रोजचे बदल लहान दिसतात आणि एकामागून एक एकाच दिशेने येतात. व्होलॅटिलिटी कमी झालेली नसते, ती पुढच्या दिवसात सरकलेली असते.

पुण्यातल्या जुन्या गुंतवणूकदारांना हे नवं नाही. १९८२मध्ये स्थापन झालेला पुणे शेअर बाजार सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर होता. सेबीने २०१५मध्ये त्याला बाहेर पडण्याची परवानगी दिली. प्रादेशिक बाजारांतल्या पातळ उलाढालीत दिवसचे दिवस तोच भाव राहायचा. काकांनी तेव्हापासूनचे काही शेअर सांभाळलेत. ते म्हणाले, "त्या काळी आम्ही भाव हलला नाही म्हणजे शेअर मजबूत समजायचो." म्हणून वरच्या कोडमध्ये शेवटचा आकडा, शून्य परताव्याच्या दिवसांचं प्रमाण, मी प्रत्येक शेअरसाठी काढते. संचाचा एकत्र परतावा नेमका शून्य क्वचितच येतो, एकेकट्या शेअरमध्ये मात्र दुखणं तिथेच उघडं पडतं. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या हेज फंडांत दिसला होता. स्वसहसंबंध लक्षात न घेता काढलेलं वार्षिक शार्प गुणोत्तर पासष्ट टक्क्यांपर्यंत फुगू शकतं, असं अँड्र्यू लो यांनी २००२मध्ये दाखवलं.

भरपूर उलाढालीच्या शेअरांत आणि निर्देशांकांत हा दोष नसतो, पण तिथे नियम दुसऱ्या बाजूने अडखळतो. जून २०२४चा पहिला आठवडा मी नव्या सहकाऱ्यांना शिकवताना नेहमी घेते. ३१ मे रोजी निफ्टी २२,५३०.७०ला बंद झाला. सोमवारी, एक्झिट पोलनंतर, सव्वातीन टक्के वर. मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणी, आणि ५.९३ टक्के खाली. मग बुधवारी ३.३६, गुरुवारी ०.८९, शुक्रवारी २.०५ टक्के वर. शुक्रवारचा बंद भाव २३,२९०.१५. या पाच दिवसांच्या लॉग परताव्यांचं शून्यापासूनचं प्रमाण विचलन ३.५६ टक्के, आणि १५.८७ने गुणलं तर वार्षिक ५६ टक्क्यांहून जास्त. संपूर्ण आठवड्याचा लॉग परतावा मात्र ३.३ टक्के, आणि ५२च्या वर्गमुळाने तो वर्षाचा केला तर २४ टक्के. एकाच आठवड्याची ही दोन उत्तरं आहेत. एका आठवड्यावरून स्वसहसंबंध ठरवता येत नाही, हे मी त्याच दमात सांगते, कारण निव्वळ नशिबानेही असा आठवडा येऊ शकतो.

त्या आठवड्यातली जास्त शिकण्यासारखी गोष्ट ३ जूनच्या संध्याकाळची. इंडिया व्हीआयएक्स तेव्हा २१च्या जवळ होता. हा निर्देशांक पुढच्या तीस दिवसांची अपेक्षित व्होलॅटिलिटी वार्षिक रूपात सांगतो. सवयीने आपण त्याला १५.८७ने भागतो आणि म्हणतो, बाजार रोज १.३ टक्क्याची अपेक्षा करतोय. दुसऱ्या दिवशी निफ्टी त्याच्या साडेचारपट पडला. मग लोक म्हणाले की ऑप्शनच्या बाजाराला काही कळलंच नाही.

पण तो आकडा असा समान वाटणंच चूक होतं. तीस दिवसांत व्यवहाराचे दिवस एकवीस. रोज १.३२३ टक्का धरला तर वर्गांची एकूण बेरीज साधारण ३६.८. निकालाची तारीख सगळ्यांना आधीच माहीत होती. उरलेले वीस दिवस नेहमीसारखे, म्हणजे ०.९ टक्क्याचे धरले, तर त्यांच्या वाट्याला १६.२. शिल्लक २०.६ सगळी ४ जूनची. वर्गमूळ साडेचार टक्के. म्हणजे व्हीआयएक्सच्या त्याच २१ मध्ये निकालाच्या दिवसासाठी साडेचार टक्क्यांची तयारी लपलेली होती, आणि ५.९३ची घसरण त्या मापाने साधारण १.३ पट होते. ०.९ हा माझा अंदाज आहे, तो थोडा बदलला की उत्तरही बदलतं, पण १.३ टक्क्यापर्यंत ते कधीच येत नाही. वर्गमुळाचा नियम सगळे दिवस सारखे मानतो. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं धोरण, कंपनीचा तिमाही निकाल अशा ठरलेल्या तारखा कालावधीत असतील, तर मी आधी त्या बाजूला काढते आणि मगच उरलेल्या दिवसांवर नियम लावते.

काकांच्या छोट्या कंपन्यांकडे परत यायला हवं, कारण त्यांचा आकडा एका खऱ्या निर्णयासाठी लागणार होता. मुलाच्या बाणेरच्या घरासाठी त्यांना ते शेअर तारण ठेवून कर्ज घ्यायचं होतं. किमती एका मर्यादेखाली गेल्या तर कर्ज देणारा जादा तारण मागतो, आणि ते दिलं नाही तर शेअर विकतो. काकांचा प्रश्न वर्षाचा नव्हताच. एका महिन्यात हा संच किती पडू शकतो, एवढंच त्यांना हवं होतं. १४.३वरून परत महिन्यावर यायचं तर ४.१ टक्के, त्याच्या दुप्पट ८.३. प्रत्यक्ष महिन्याच्या परताव्यांवरून ५.२५, दुप्पट १०.५. महिन्याचा आकडा हवा असताना रोजच्यावरून वर्षावर आणि वर्षावरून महिन्यावर असा प्रवास करण्याचं कारणच नव्हतं.

पण १०.५वरही मी त्यांना थांबू दिलं नाही. छोट्या शेअरांना एक्स्चेंज भावपट्टा लावतं, २, ५, १० किंवा २० टक्क्यांचा. पाच टक्क्यांच्या पट्ट्यातला शेअर वाईट बातमीवर पाच टक्के पडतो आणि लोअर सर्किटला अडकतो. विकणारे रांगेत, घेणारा नाही. उद्या पुन्हा पाच. असे सहा दिवस गेले तर भाव साडेसव्वीस टक्क्यांनी उतरलेला असतो. वर्गमुळाचा नियम पाच टक्क्यांच्या सहा दिवसांसाठी १२.२ टक्के सांगतो. पट्टा एका दिवसाचा बदल पाचवर रोखतो, म्हणून रोजचा आकडा कितीही वाईट काळात पाचाच्या वर जात नाही, आणि त्याच वेळी दिवस एकमेकांना सर्वांत घट्ट बांधले जातात. बातमी एकाच दिवसाची असते, पट्ट्यामुळे ती सहा दिवस चालते. जानेवारी २०२३च्या अखेरीस हिंडेनबर्गचा अहवाल आल्यानंतर अदानी टोटल गॅसचा शेअर असाच दिवसामागून दिवस लोअर सर्किटला बंद होत गेला आणि महिन्याभरात ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरला. तिथे कोणतंही वर्गमूळ उपयोगाचं नव्हतं.

काकांच्या यादीतल्या प्रत्येक शेअरसमोर मी पट्टा लिहून काढला. पाच टक्क्यांच्या पट्ट्यातले चार निघाले. कर्ज मागताना त्यांनी ते चार तारणातून वगळले, आणि उरलेल्यांवर मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा बरीच कमी रक्कम उचलली. आमच्या तिमाही अहवालाच्या पहिल्या पानावर आता रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या परताव्यांवरून काढलेले तिन्ही वार्षिक आकडे शेजारी शेजारी छापले जातात, आणि त्यांच्यात पाचव्या हिश्शाहून जास्त फरक असला की खाली शून्य दिवसांचा आणि भावपट्ट्यांचा तक्ता जोडला जातो.